पर्किन्सने गॅट्सबीच्या खर्ड्यावर काय लिहिलं आणि काय लिहिलं नाही

कादंबरीचा पहिला खर्डा कोणाला वाचायला दिला की बहुतेक वेळा दोनच प्रकारची उत्तरं येतात. एक म्हणजे "मस्त जमलंय, आवडलं", आणि दुसरं म्हणजे पानापानावर लाल पेन, इथे ऱ्हस्व हवा होता, हे वाक्य लांबलंय, "आणि" दोनदा आलाय वगैरे. दुसऱ्या प्रकारात वाचणाऱ्याने खरंच कष्ट घेतलेले असतात म्हणून लेखकालाही बरं वाटतं, पण त्या कष्टांचा त्या टप्प्यावर फारसा उपयोग नसतो. का नसतो ते नुसतं सांगून पटत नाही, म्हणून एक जुनं आणि कागदोपत्री नीट शिल्लक असलेलं प्रकरण घेतो: एफ. स्कॉट फिट्झजेराल्डची 'द ग्रेट गॅट्सबी' आणि त्याचा संपादक मॅक्सवेल पर्किन्स. यात संपादकाची पत्रं आहेत, लेखकाची उत्तरं आहेत, आणि सुधारणेच्या आधीचा मजकूरसुद्धा २००० साली वेगळं पुस्तक म्हणून छापून आलाय, त्यामुळे काय सांगितलं आणि त्यावर काय झालं हे दोन्ही शेजारी ठेवून बघता येतं.

कादंबरी वाचली नसेल तर अगदी थोडक्यात. निक नावाचा तरुण न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर राहायला येतो, शेजारच्या मोठ्या बंगल्यात गॅट्सबी नावाचा गूढ श्रीमंत माणूस वरचेवर पार्ट्या देतोय, आणि त्या पार्ट्या कशासाठी तर निकची नात्यातली बहीण डेझी कधीतरी तिकडे फिरकावी म्हणून. डेझीचं लग्न टॉम ब्युकॅनन नावाच्या आडदांड पैसेवाल्याशी झालंय. सगळी गोष्ट निक सांगतो.

फिट्झजेराल्डने ऑक्टोबर १९२४ च्या अखेरीस फ्रान्समधून टाइप केलेली प्रत न्यूयॉर्कला स्क्रिबनर्स या पर्किन्सच्या प्रकाशनसंस्थेकडे पाठवली. अगदी शब्दशः पहिला खर्डा म्हणता येणार नाही, कारण आधी एक वेगळी सुरुवात करून त्याने ती बरीचशी टाकून दिली होती, पण बाहेरच्या वाचकासमोर आलेला हा पहिला पूर्ण मजकूर. पर्किन्सने तो वाचला, आधी एक छोटं पत्र टाकलं की कादंबरी अफाट आहे, घरी नेऊन परत वाचतो आणि मग सविस्तर लिहितो, आणि २० नोव्हेंबरला ते सविस्तर पत्र गेलं. ते पत्र म्हणजे पहिल्या खर्ड्याला कुठला अभिप्राय लागतो याचा नमुना आहे असं मला वाटतं, आणि त्यात काय नाहीये तेही तितकंच बघण्यासारखं आहे.

आधी त्याने काय चांगलं आहे ते सांगितलं, पण "छान" असं नाही. निकसारखा, गोष्टीत असूनही थोडा बाहेर उभा राहणारा माणूस निवेदक म्हणून निवडलास ती पद्धत अचूक बसलीये, आणि रस्त्याकडेच्या जाहिरातीवरचे डॉक्टर एकलबर्गचे ते भलेमोठे डोळे अख्ख्या कादंबरीवर नजर ठेवून असल्यासारखे वाटतात, असं. लोकांना वाटतं हा भाग म्हणजे कडू गोळीवरची साखर, पुढे टीका करायची म्हणून आधी कौतुक. तसं नाहीये. दुरुस्तीला बसलेला लेखक घाबरलेला असतो आणि घाबरून नेमकी चालणारी गोष्टच बदलतो, निवेदक बदलू का, तृतीयपुरुषी करू का. कुठल्या खांबाला हात लावायचा नाही हे सांगणं हाही रचनेबद्दलचाच अभिप्राय आहे.

मग मुख्य मुद्दा. पर्किन्स म्हणतो, बाकीची पात्रं इतकी ठसठशीत आहेत, टॉम रस्त्यात दिसला तर मी ओळखेन आणि वाट बदलेन, पण गॅट्सबी धूसर आहे, त्याच्यावर वाचकाची नजर ठरत नाही. आता नायकच दिसत नाही हे सांगणं म्हणजे मोठाच बॉम्ब, पण पर्किन्स तिथेच थांबत नाही, पुरावा देतो: प्रकाशनसंस्थेचे मालक स्क्रिबनर आणि पर्किन्सची बायको लुईझ, दोघांनाही गॅट्सबी आहे त्यापेक्षा बराच म्हातारा वाटला, आणि ते कधी, तर तो निकपेक्षा थोडाच मोठा आहे असं मजकुरात स्पष्ट लिहिलेलं असूनही.

मला या पत्रातली ही सगळ्यात शिकण्यासारखी जागा वाटते. वाक्य कागदावर आहे, व्याकरणाने बरोबर आहे, माहिती दिलेली आहे, तरी वाचकाच्या डोक्यात उलटं चित्र तयार होतंय. लाल पेनवाला वाचक इथे काहीच करू शकत नाही, कारण त्या वाक्यात चूकच नाही. फार तर तो म्हणेल की वय ठळक करा, आकडा घाला. पण आकडा घालून गॅट्सबी तरुण होणार नव्हता. तो म्हातारा वाटत होता कारण त्याचं चालणं, बोलणं, हसणं असं काही धरायलाच नव्हतं, आणि धूसर श्रीमंत माणूस म्हटला की वाचक स्वतःच्या डोक्यातला एखादा पन्नाशीचा शेठ तिथे बसवून मोकळा होतो. आणि दोन वेगळे वाचक एकाच जागी सारखेच चुकले तर दोष वाचकांचा नसतो एवढंही यातून कळतं.

उपाय सांगताना पर्किन्स सावध आहे. "ओल्ड स्पोर्ट" हा जो गॅट्सबीचा बोलण्यातला लकबीचा शब्द आहे तशा अजून एकदोन खुणा, शब्दाच्या नाहीत तर शरीराच्या, देता येतील का बघ, एवढंच म्हणतो. खूण कुठली ते सांगत नाही.

दुसरा मुद्दा पैशाचा. गॅट्सबीकडे इतका पैसा आला कुठून? शेवटी शेवटी वुल्फशिम नावाच्या जुगारी माणसाशी संबंध होता हे कळतं, पण तोवर वाचक नुसता गोंधळलेला राहतो, आणि गोंधळ आणि गूढ यात फरक आहे. पर्किन्सचं म्हणणं असं की सगळं उलगडून सांगू नकोस, गूढ राहायलाच हवं, पण हा माणूस कशाततरी गुंतलाय याच्या बारीक बारीक खुणा पेर. फोन येतात हे आहेच, पार्टीत एखाद्या संशयास्पद माणसाशी बाजूला जाऊन बोलताना दिसला तर?

तिसरा मुद्दा मला सगळ्यात तांत्रिक आणि सगळ्यात सुंदर वाटतो. त्या मजकुरात गॅट्सबी आपलं अख्खं पूर्वायुष्य निकला एका बैठकीत सांगतो, आठव्या प्रकरणात, सगळं उरकल्यावर. पर्किन्स म्हणतो की बाकी कादंबरीत प्रत्येक गोष्ट घटनेच्या ओघात कळते, इथे मात्र तू स्वतःचीच पद्धत मोडलीस. चरित्र टाळता येणार नाही, पण ऑक्सफर्ड, सैन्यातली नोकरी, हे दावे खरे किती खोटे किती ते चालत्या प्रसंगांतून थोडं थोडं बाहेर येऊ दे.

शिवाय सहावं आणि सातवं प्रकरण जरासं ढिलं पडतंय असंही त्याने लिहिलं आणि उपाय काय सुचवावा मला कळत नाही असंही लिहून टाकलं. हे फार लोकांना जमत नाही हो. आपल्याला वाटतं की अभिप्राय द्यायचा तर सोबत उपायही द्यायला हवा, नाहीतर नुसती तक्रार होईल, आणि मग माणूस काहीतरी सुचवतो, पात्र मारून टाका, इथे एक खून घाला, आणि लेखक त्या सुचवणीवर वाद घालत बसतो आणि मूळ लक्षण बाजूलाच राहतं. इथे कंटाळा आला, ही माहिती पुरेशी असते. कंटाळा कुठे आला हे वाचकाला नक्की माहीत असतं, का आला हे बऱ्याचदा माहीत नसतं, आणि काय केलं म्हणजे जाईल हे तर लेखकालाच शोधावं लागतं.

आता या पत्रात काय नाही? शुद्धलेखन नाही, विरामचिन्हं नाहीत, हा शब्द बदल तो शब्द बदल नाही. लेखनाबद्दल म्हणजे निव्वळ वाक्यांबद्दल शेवटी एवढंच की ती थक्क करणारी आहेत. यामागे थोडी गंमतही आहे, पर्किन्स स्वतः स्पेलिंगमध्ये कच्चा होता आणि फिट्झजेराल्ड तर महाकच्चा. फिट्झजेराल्डची पहिली कादंबरी १९२० साली याच जोडीच्या हातून इतक्या चुकांसकट छापली गेली की एका वृत्तपत्रातल्या स्तंभलेखकाने त्या चुकांची यादीच छापली होती. तेव्हा वाक्यांकडे लक्ष दिलं नाही तर चालतं असं मी म्हणत नाहीये, त्याची किंमत त्यांनी भरलीच. मुद्दा क्रमाचा आहे.

क्रम का महत्त्वाचा ते आठव्या प्रकरणातल्या त्या लांब आत्मकथेवरून बघू. समजा पर्किन्सने आधी तिथली वाक्यं घासायला सांगितली असती आणि फिट्झजेराल्डने पंधरा दिवस बसून ती चकचकीत केली असती. मग पुढच्या वेळी कळलं असतं की ही आत्मकथा एका जागी नकोच. आता ती फोडायची तर काय होतं बघा. छापील पुस्तकात गॅट्सबीचं मूळ नाव आणि गरीब शेतकऱ्याच्या घरातला जन्म सहाव्या प्रकरणाच्या सुरुवातीला येतो, आणि तोही निकच्या तोंडून, हे त्याने मला बऱ्याच नंतर सांगितलं पण अफवा मोडून काढायला इथेच सांगतो असं म्हणत. ऑक्सफर्डचं खरं सातव्या प्रकरणात प्लाझा हॉटेलमधल्या भांडणात येतं, टॉम टोमणा मारतो आणि गॅट्सबीला कबूल करावं लागतं की युद्धानंतर अधिकाऱ्यांना मिळालेल्या सवलतीत आपण तिथे पाचच महिने होतो. डेझीबरोबरचे सुरुवातीचे दिवस आठव्यातच राहतात. म्हणजे तीच माहिती, पण बोलणारा बदलला, ऐकणारे बदलले, एका जागी समजावणी होती ती दुसऱ्या जागी भांडणातला डाव झाली. घासलेलं एकही वाक्य जसंच्या तसं उचलून तिकडे नेता येत नाही. पंधरा दिवस पाण्यात, आणि त्याहून वाईट म्हणजे इतकी मेहनत घेतलेली वाक्यं टाकवत नाहीत म्हणून लेखक रचना बदलायलाच नकार देतो.

फिट्झजेराल्डचं उत्तरही वाचण्यासारखं आहे. डिसेंबरमध्ये रोमहून त्याने कबूल केलं की गॅट्सबी दिसतो कसा आणि करतो काय हे मलाच माहीत नव्हतं आणि ते तुला जाणवलं. मला माहीत असतं आणि तुझ्यापासून लपवलं असतं तर तुला तक्रार करावीशी वाटली नसती, अशा अर्थाचंही एक वाक्य आहे. रचनेचा दोष आणि वाक्याचा दोष ओळखायची मला तरी याहून चांगली कसोटी माहीत नाही. वाक्याच्या दोषात लेखकाला काय म्हणायचंय ते ठाऊक असतं, कागदावर नीट उतरलेलं नसतं, म्हणून खुर्चीवरून न उठता दुरुस्ती होते. रचनेच्या दोषात लेखकालाच उत्तर माहीत नसतं, आणि ते शोधायला कागदाच्या बाहेर जावं लागतं. फिट्झजेराल्ड गेला. त्या काळात न्यूयॉर्कमध्ये गाजलेलं शेअर दलालीतल्या फसवणुकीचं एक प्रकरण त्याने डोक्यात मुरवलं, बायको झेल्डाकडून गॅट्सबीची चित्रं काढून घेतली, बोटं दुखेपर्यंत म्हणे, आणि मग लिहिलं की आता मी त्याला स्वतःच्या मुलीपेक्षा जास्त ओळखतो. यातलं फार थोडं थेट पुस्तकात आलं. पण तिसऱ्या प्रकरणात निक गॅट्सबीला पहिल्यांदा भेटतो तिथे त्याच्या हसण्यावर जवळपास एक परिच्छेद आहे, आणि पार्टी चालू असताना शिकागोहून फोन आल्याचं सांगत बटलर येतो, आणि आता हा माणूस नजरेसमोर उभा राहतो. म्हातारा तर अजिबात वाटत नाही.

दुरुस्ती कशावर केली हेही बघा. मजकूर तोपर्यंत छापखान्यात जुळवला गेला होता आणि गॅलीवर, म्हणजे पानं पाडायच्या आधीच्या लांब पट्ट्यांवर, त्याने ही सगळी उलथापालथ केली. गॅली असते खिळ्यांच्या चुका सुधारायला. तिथे प्रकरणं फोडणं म्हणजे जुळणी पुन्हा, आणि त्याचा खर्च माझ्या खात्यावर टाका असं त्याने स्वतःच कळवलं. आज कोणी पुस्तकाची मांडणी झाल्यावर, मुद्रितशोधकाकडे पीडीएफ गेल्यावर, मधलं प्रकरण हलवायला निघालं तर प्रकाशक काय म्हणेल याची कल्पना करा, तेच ते.

१८ फेब्रुवारी १९२५ ला काप्रीहून शेवटची प्रूफं पाठवताना त्याने सहा आठवड्यांच्या कामाचा हिशेब दिला: गॅट्सबी जिवंत केला, पैशाचा उलगडा केला, सहावं-सातवं ही दोन कमकुवत प्रकरणं सावरली, पहिली पार्टी सुधारली, आठव्यातलं लांब निवेदन फोडलं. वाक्यं सुधारली असं या यादीत कुठेच नाही, आणि वाक्यं तर शेकड्यांनी बदलली होती. ती बदलली कारण वरचं बदललं.

मग वाक्यांची पाळी येते ती आता, आणि इथे मात्र हे दोघे ढिले पडले. रिंग लार्डनर हा लेखक मित्र, त्याने प्रूफं वाचून फिट्झजेराल्डला तपशिलाच्या चुका कळवल्या, त्यातली एक अशी की लेक सुपीरिअरला भरती-ओहोटी नसते. हा वाक्यपातळीवरचा उत्तम अभिप्राय, जागा नेमकी, चूक नेमकी, लेखकाने मान्य केलं की मिटलं, कुठल्याही पात्राला हलवावं लागत नाही. तरी काही निसटलंच. पर्किन्सने ज्या डोळ्यांचं एवढं कौतुक केलं त्या एकलबर्गच्या डोळ्यांच्या रेटिना एक यार्ड उंचीच्या आहेत असं पुस्तकात छापलंय, आणि रेटिना असते डोळ्याच्या आत, मागच्या पडद्याला, जाहिरातीच्या फलकावर ती दिसेल कशी, लेखकाला बुबुळं म्हणायचं होतं. १० एप्रिल १९२५ ला पुस्तक आलं तेव्हा ही चूक होती, आणि कादंबरी तिच्यासकट उभी राहिली. नायक धूसर राहिला असता तर उभी राहिली असती का, मला शंका आहे.

आपल्याकडे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्यासारखे संपादक मौजेत होऊन गेले, पण आज बहुतेक मराठी लेखकाच्या हातात रचनेचा विचार करणारा संपादक नसतो, असतो तो मुद्रितशोधक, आणि तोही शेवटी. त्यामुळे रचनेचा अभिप्राय मित्रांकडूनच मिळवावा लागतो, आणि मित्र विचारल्याशिवाय देत नाहीत. "कशी वाटली" असं विचारलं की "छान" येणार. त्यापेक्षा नायक तुमच्या डोळ्यासमोर कसा दिसतो, त्याचं वय किती वाटतं, कुठल्या पानावर पुस्तक खाली ठेवलंत आणि परत उचलायला किती दिवस लागले, अमुक प्रकरण संपलं तेव्हा पुढे काय होईल असं वाटत होतं, असं विचारा. तिघांना एकाच वेळी, एकमेकांशी बोलू न देता. आणि सोबत स्पष्ट सांगा की या फेरीत शुद्धलेखन बघायचं नाही, नाहीतर ते बघतातच, कारण ते सोपं असतं.

एक गोष्ट राहिली. पर्किन्सच्या पत्रालाही मर्यादा होती. पुस्तक आल्यावर फिट्झजेराल्डने समीक्षक मित्र एडमंड विल्सनला लिहिलं की सगळ्यात मोठा दोष वेगळाच आहे: डेझी आणि गॅट्सबी पुन्हा भेटल्यापासून ते शेवटच्या अनर्थापर्यंत त्या दोघांत भावनेच्या पातळीवर काय चाललं होतं याचा मी काहीच पत्ता दिलेला नाही, मलाच तो माहीत नव्हता, आणि पूर्वायुष्याची कथा आणि चांगल्या गद्याची पांघरुणं घालून ते इतकं झाकलंय की कोणाच्या लक्षातही आलं नाही. प्रकरणं उघडून बघा, पाचव्यात ते भेटतात, सातव्यात प्लाझामध्ये सगळं फुटतं, मधल्या दिवसांत डेझी दुपारी गॅट्सबीकडे येते एवढं कळतं, बस्स. प्लाझाच्या प्रसंगाबद्दलही त्याने पर्किन्सला आधीच कळवलं होतं की तो कधी पूर्ण जमणार नाही, डेझी नेमकी कशी वागेल हे मला ठरवता येत नाहीये. म्हणजे ढिलं कुठे पडतंय ते पर्किन्सला बरोबर लागलं होतं, सहावं आणि सातवं. पण "या मधल्या दिवसांत ती बंद दाराआड काय बोलते" हा प्रश्न त्याने विचारला नाही, आणि फिट्झजेराल्डने ती प्रकरणं इतर बाजूंनी सावरली.